ग्लास रिकामा दिसू देऊ नकोस

ताई, मी २६ वर्षांचा, मूळचा नाशिकचा. दीड वर्षापासून टोकियोत सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. टीममध्ये भारतीय मी एकटाच. महिन्यातून दोन-तीनदा ऑफिसची सगळी मंडळी प्यायला बसतात. घरी होतो तेव्हा वर्षातून एखादी बीअर व्हायची, इथे दर वेळी चार-पाच ग्लास होतात. गेल्या महिन्यात परतताना गाडीत झोप लागली. जाग आली ती शेवटच्या स्टेशनावर, आणि परतीची शेवटची गाडी निघून गेलेली. पहाटेपर्यंत बाहेर बसून काढली. आता अजिबात घ्यायची नाही असं ठरवलंय. पण न घेणारा माणूस त्यांच्यात बसणार कसा? आजारपणाचं कारण सांगून टाकू का? डिसेंबरात वर्षअखेरची मोठी पार्टी आहे, त्याआधी उत्तर मिळालं तर बरं होईल.
— एक वाचक, टोकियो

आजारपणाचं कारण तेवढं सांगू नकोस. का, ते पुढे येईलच.

मी टोकियो आणि ओसाका मिळून चौदा वर्षं दुभाषी म्हणून काम केलं. दिवसभर बैठका आणि संध्याकाळी त्याच माणसांबरोबर इझाकायात, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या दुकानात. दुभाष्याला प्यायची सोय नसते. साहेब तिसऱ्या ग्लासानंतर जे बोलतो तेच पुष्कळदा कामाचं असतं, आणि ते दुसऱ्या भाषेत नीट उतरवायचं तर आपलं डोकं ठिकाणावर लागतं. त्यामुळे शेकडो नोमिकाई, म्हणजे ऑफिसच्या पिण्याच्या बैठका, मी कोरड्या बसून पाहिल्या आहेत.

पाहून पाहून एक गोष्ट लक्षात आली. तुझ्या ग्लासात काय आहे याकडे तिथे फारसं कुणाचं लक्ष नसतं. ग्लास किती भरलेला आहे, याकडे मात्र सगळ्यांचं असतं. स्वतःच्या ग्लासात स्वतः ओतायचं नाही, शेजाऱ्याने ओतायचं आणि आपण त्याच्या ग्लासात ओतायचं, ही त्या टेबलाची रीत. पंगतीत रिकामं पान दिसलं की वाढप्याचा हात जसा आपोआप पुढे येतो, तसा तिथे रिकामा ग्लास दिसला की शेजाऱ्याचा हात बाटलीकडे जातो. आपल्याकडे पानावर हात आडवा धरला तरी जिलेबी पडतेच. तिथे उपाय एकच, पान रिकामं दिसूच द्यायचं नाही. तुझे चार-पाच ग्लास बहुधा असेच झाले असणार. समोरच्याने प्रेमाने भरलंय म्हणून तू संपवत गेलास, आणि संपलंय म्हणून तो भरत गेला. दोघेही एकमेकांशी सभ्यपणाने वागत होतात.

जपानच्या आरोग्य मंत्रालयाने २०२४च्या फेब्रुवारीत पिण्याविषयी एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात हिशोब शुद्ध अल्कोहोलच्या ग्रॅममध्ये मांडलाय. ५ टक्क्यांची ५०० मिली बीअर म्हणजे २० ग्रॅम, आणि एका बसण्यात ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेणं टाळावं असं त्यात म्हटलंय. म्हणजे मोठे तीन ग्लास झाले की रेघ आली. तू चार-पाच म्हणतोस, तेव्हा गाडीत झोप लागली यात नवल नाही.

आता एका मुलाची गोष्ट सांगते. तुझ्या पत्राचं बरंचसं उत्तर तिच्यातच आहे. हा सोलापूरचा, म्हणून इथे त्याला सोलापूरकरच म्हणू. योकोहामाला यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत नवा लागला होता, गटात तुझ्यासारखाच एकटा भारतीय. एका कामात मी त्यांच्याकडे दुभाषी होते, तिथली ओळख. त्याने दारू सोडली एकदाच, पण सोडल्याचं सांगितलं तीनदा.

पहिल्यांदा सांगितलं ते भर टेबलावर. तुला माहीतच आहे, सगळे बसले, गरम ओले रुमाल वाटून झाले की त्या दिवशीचा कांजी, म्हणजे पार्टीचं सगळं पाहणारा, ओरडून विचारतो, “नामा नो हितो?” ताजी बीअर कुणाकुणाला? सगळे हात वर जातात आणि तो बोटाने मोजतो. या मोजणीच्या मध्यावर सोलापूरकर उभा राहिला आणि पाठ करून आणलेलं जपानी म्हणू लागला. तब्येत, झोप, आईला दिलेला शब्द, आजवरच्या आग्रहाबद्दल आभार, आणि यापुढे क्षमा असावी. दोन मिनिटं तरी चाललं असेल. कांजीचं बोट हवेतच राहिलं. साहेब कसनुसा चेहरा करून म्हणाले, आम्ही इतके दिवस तुला जबरदस्ती करत होतो का? माफ कर. पुढचे दोन तास जो तो ग्लास उचलण्याआधी याच्याकडे चोरून बघत होता. उपास असलेल्या माणसासमोर ताट घेऊन बसावं लागलं की होतं तसं. त्या टेबलावर दारू नाकारलेली खपते. सगळ्यांचा हात थांबवलेला खपत नाही.

दुसऱ्यांदा त्याने तुझ्या मनात आहे तेच केलं. ‘डॉकुता सुतोप्पु’ म्हणून टाकलं. डॉक्टरांनी बंद केलीय, असं सांगायचा तो तिथला ठेवणीतला शब्द. त्या संध्याकाळपुरती जादू झाली. कुणी एक अक्षर विचारलं नाही. सोमवारी सकाळी साहेबांनी आत बोलावलं. कुठल्या इस्पितळात दाखवलंस? जादा कामाचे तास कमी करू का? पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी तिथे कामगारांच्या तब्येतीसाठी डॉक्टर नेमावाच लागतो. त्या डॉक्टरांशी याची भेटही ठरली. भेटीत हा काय सांगणार? पोट जरा बिघडतं, असं काहीतरी पुटपुटून बाहेर आला. पुढे वर्षाची सक्तीची तपासणी झाली. यकृतासाठी तिथे ‘गामा-जीटीपी’ नावाचा एक आकडा पाहतात, आणि चाळिशीपुढचे जपानी नोकरदार तो एकमेकांना आपल्याकडे साखरेचा आकडा सांगावा तसा सांगतात. याचा अगदी स्वच्छ आला. साहेबांनी कधीतरी सहज विचारलं आणि यानेही भाबडेपणाने आकडा सांगितला. साहेबांना मनापासून आनंद झाला. पाठीवर थाप मारून म्हणाले, बरा झालास! आज संध्याकाळी एक घेऊ.

आजारपण सांगू नकोस म्हटलं ते यासाठी. खोटं बोलणं वाईट वगैरे तुला तुझ्या घरी शिकवलं असेलच. पण तिथे आजार ही तुझी खाजगी बाब राहत नाही, तिची काळजी घेणं हे साहेबाचं काम होऊन बसतं. आणि आजार म्हटला की तो कधीतरी बरा व्हावाच लागतो.

तिसऱ्या वेळी मला विचारायला आला. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, टेबलावर सांगू नकोस, आदल्या दिवशी फक्त कांजीला सांग. दोन, कारण एका श्वासात संपेल एवढंच दे. आपल्या मराठीत ‘मला चालत नाही’ हे किती सोयीचं आहे बघ. आजार नाही, व्रत नाही, उपदेश नाही, आणि पुढे कुणी विचारतही नाही. जपानीत तेच काम ‘नोमेनाइ’ करतं, म्हणजे पिऊ शकत नाही. पण काल-परवापर्यंत ज्यांच्याबरोबर पाच-पाच ग्लास प्यायलास त्यांना हे कसं सांगणार? तिथे ‘ओसाके वा यामेमाशिता’ एवढं पुरतं, दारू सोडली. का रे, असं कुणी विचारलंच तर ‘आसा गा त्सुराकुते…’ म्हण, म्हणजे ‘सकाळी फार त्रास व्हायला लागला आणि…’ आणि तिथेच थांब. वाक्य पुरं करू नकोस. त्या ‘-कुते’ नंतरची जागा रिकामी सोडली की समोरचा स्वतःच मान हलवत ती भरतो, “अच्छा, अच्छा, कळतंय.” आणि तुझ्या बाबतीत ते शंभर टक्के खरंही आहे. पहाट स्टेशनाबाहेर काढलेल्या माणसाने आणखी काय पुरावा द्यायचा!

सोलापूरकराने तसंच केलं. पुढच्या बैठकीत हात वर जात होते तेव्हा कांजीने स्वतःच आकडा धरला, “बीअर अकरा, ऊलाँग-चा दोन.” ऊलाँग-चा म्हणजे थंडगार, बिनदुधाचा, बिनसाखरेचा तपकिरी चहा. तीन सेकंदांत विषय संपला. आणि तेव्हा आमच्या सोलापूरकराच्या डोक्यात प्रकाश पडला की दोन कसे? दुसरा कोण?

दुसरे होते त्याच्याच शेजारच्या टेबलावर काम करणारे, निवृत्तीला आलेले एक गृहस्थ. वर्षभर याने त्यांच्या हातात तो तपकिरी ग्लास पाहिला होता आणि त्यात व्हिस्की आहे असं धरून चालला होता. ते नोकरीला लागल्यापासून चहावरच होते. न पिणाऱ्याला जपानीत ‘गेको’ असा जुना, साधा शब्द आहे, आणि शब्द आहे म्हणजे माणसंही आहेत. पोटात गेलेल्या अल्कोहोलचं शरीर आधी अॅसिटाल्डिहाइड नावाचं त्रासदायक द्रव्य बनवतं आणि मग दुसरं एक विकर त्याचा निचरा करतं. साधारण ४० टक्के जपानी लोकांत हे दुसरं विकर जन्मतःच कमजोर असतं. अर्ध्या ग्लासात चेहरा लाल होतो, छाती धडधडते, डोकं दुखतं. म्हणजे तेरा जणांच्या टेबलावर चार-पाचांना तरी दारू फारशी सोसत नाही. कुणी एकच ग्लास शेवटपर्यंत पुरवतो, कुणी नुसता ओठाला लावून खाली ठेवतो. तुझ्या टेबलावरही असा कुणीतरी असणार. पुढच्या वेळी शोधून बघ आणि जमलं तर त्याच्या शेजारी बस.

आता प्रत्यक्ष संध्याकाळ. सोलापूरकराला पहिला दणका बसला तो माणसांकडून नव्हे, वेटरकडून. ‘ऊलाँग-चा’ म्हणजे नुसता चहा. ‘ऊलाँग-हाय’ म्हणजे त्याच चहात शोचू नावाची दारू. रंग तोच, ग्लास तोच, बर्फही तेवढाच. गोंगाटात वेटरने ‘चा’चं ‘हाय’ ऐकलं की झालं. यात घालतात त्या शोचूला फारसा वास नसतो, बर्फात चवही दबते. सोलापूरकराचा अर्धा ग्लास पोटात गेल्यावर त्याला घशात जळजळ जाणवली. तोंड वेडंवाकडं करून तो माझ्याकडे बघायला लागला. बऱ्याच दुकानांत दारूच्या ग्लासात ढवळायची काडी टाकतात किंवा चहाच्या ग्लासाला स्ट्रॉ देतात, पण हा नियम दुकानागणिक बदलतो. म्हणून ग्लास हातात आला की आणणाऱ्यालाच विचार, “ऊलाँग-चा देसु ने?” आणि पहिला घोट छोटा घे. दुसऱ्या खेपेला शेजाऱ्याने तुझ्यासाठीही सांगितलं असेल तर आणखी जपून. त्याच्या डोक्यात ‘हाय’च असतो. आणि समजा गेलाच एखादा घोट, तर ग्लास बाजूला सारून दुसरा मागव. ‘आता मोडलंच आहे तर’ म्हणून पुढे जाऊ नकोस. सोलापूरकर त्या दिवशी नेमका तसाच पुढे गेला आणि दुसऱ्या दिवशी मला सांगायला आला. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

चहा नको असेल तर बिनदारूची बीअर माग. जपानच्या कायद्यात १ टक्का किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असेल तरच ते पेय दारू ठरतं. त्यामुळे अर्ध्या टक्क्याचीही काही पेयं निघाली आहेत. इझाकायात मिळणारी बहुतेक बाटली ०.०० लिहिलेली असते, तरी लेबल वाच. माझं वैयक्तिक मत विचारशील तर पहिले काही महिने तिच्याही वाटेला जाऊ नये. तोच फेस, तोच कडवटपणा, तोच ग्लास. जीभ जुन्या रस्त्याने चालू लागते. पण हे माणसागणिक वेगळं आहे. सोलापूरकराला तिचाच मोठा आधार झाला.

डिसेंबरातल्या बोनेनकाईची, म्हणजे वर्षअखेरच्या पार्टीची, गोष्ट थोडी निराळी. ती मोठी असते, हॉलमध्ये असते, आणि टेबलांवर बीअरच्या बाटल्या आधीच उभ्या असतात. तुझ्यापुढे छोटा ग्लास पालथा असेल. तो सुलटा करून ठेवलास की काम्पाईच्या, म्हणजे सगळ्यांनी ग्लासाला ग्लास लावायच्या, आधी कुणीतरी त्यात बीअर ओतणारच. तेव्हा बसल्या बसल्या टेबलावरची ऊलाँगची बाटली जवळ ओढ, शेजाऱ्याला सांग, मला यातलं घाल, आणि त्याच ग्लासाने काम्पाई कर. वरिष्ठांच्या ग्लासाला लावताना आपल्या ग्लासाची कड त्यांच्या कडेच्या जरा खाली ठेव. लोक हे बघतात. आत चहा आहे की बीअर, ते नाही.

मग अर्ध्या-पाऊण तासाने मोठे साहेब बाटली घेऊन टेबलाटेबलावर फिरायला लागतात. तुझी खरी भीती हीच असणार. साहेब बाटली पुढे करून उभे आहेत, आता नाही कसं म्हणायचं? तुझा भरलेला चहाचा ग्लास दोन्ही हातांनी थोडा वर उचल, “सुमिमासेन, ऊलाँग देसु,” म्हणजे माफ करा, हा ऊलाँग आहे, असं म्हण, आणि लगेच बाटलीला हात लावून विचार, मी ओतू का? बाटली दोन्ही हातांनी धरायची, लेबल वर. साहेबांचा ग्लास भरलास की त्यांचं काम झालं. ते बीअर पाजायला आलेले नसतात. वर्षभर ज्याच्याशी दोन शब्द बोलता आले नाहीत त्याच्याशी बोलायला आलेले असतात, आणि हातात बाटली असली की कुठल्याही टेबलाशी थांबायला निमित्त मिळतं. ओतणारा माणूस कधी एकटा पडत नाही. त्याने स्वतः काय प्यायलं ते सकाळी कुणाला आठवत नाही.

एक गोष्ट मात्र मी सोलापूरकराला आधी सांगितली नव्हती, कारण मलाच ती माहीत नव्हती. दारू सोडल्यावर त्याचं जपानी गेलं. खरंच सांगते. तो ऑफिसात जेवढं जेमतेम बोलायचा, त्याच्या तिप्पट इझाकायात बोलायचा. दुसऱ्या ग्लासानंतर शब्दाला ‘वा’ हा प्रत्यय लावू की ‘गा’, क्रियापद आदराचं की साधं, ही धास्ती सुटायची आणि वाक्यं धडाधड बाहेर यायची. समोरचेही सैलावलेले, चुका कोण धरतो? आता हा शुद्धीत, आणि समोरची माणसं अर्धे शब्द गिळत, आपापल्या गावच्या बोलीत, एकावर एक बोलतायत. कोरड्या कानाला ते जपानी सगळ्यात अवघड. दोन-तीन बैठका तो चहा ढवळत मुका बसला. मला म्हणाला, “ताई, मला दारूची सवय नव्हतीच बहुतेक. मला त्या दुसऱ्या ग्लासानंतरच्या मी-ची सवय होती.”

तुझ्या पत्रात तू हे लिहिलेलं नाहीस, पण दीड वर्ष झालेला, एकटा भारतीय, घरी वर्षाला एक बीअर घेणारा मुलगा चार-पाचांवर कसा गेला, याचं उत्तर मला इथेच कुठेतरी दिसतंय. असेल तर त्याची वेगळी सोय करावी लागेल, नुसता ग्लास बदलून भागणार नाही.

सोलापूरकराने केली ती सोय साधी होती. टेबलाच्या मध्यावर बसणं त्याने सोडलं, कारण मध्यावर चार संभाषणं एकाच वेळी कानावर येतात. कडेला, एकाच माणसासमोर बसायला लागला. आणि बैठकीच्या पहिल्या अर्ध्या तासात बोलून घ्यायला लागला, समोरचे अजून शुद्धीत आणि शब्द सुटे असतात तोवर. विषय ठरलेला असायचा, तुमच्या गावाकडे हा पदार्थ कसा करतात? जपानी माणसाला गावच्या खाण्याबद्दल विचारलं की पंधरा मिनिटं तो थांबत नाही, आणि तुला फक्त योग्य जागी ‘हेऽऽ’ म्हणायचं असतं. शेवटच्या अर्ध्या तासात तो फारसं बोलायचा नाही, ऐकायचा. कोण कोणावर खरा चिडलेला आहे, कोण नोकरी सोडायच्या विचारात आहे, सगळं. पाच-सहा महिन्यांत त्याचं ऑफिसातलं जपानी इझाकायातल्या जपानीच्या पुढे गेलं. पण ते पाच-सहा महिने कंटाळवाणे होते हेही सांगते. शुद्धीतल्या माणसाला तोच विनोद चौथ्यांदा ऐकावा लागतो. त्याला औषध नाही.

म्हणून वेळेवर निघायला शिक. हवं तेवढं पिण्याचं पॅकेज साधारण दोन तासांचं असतं, संपायच्या अर्धा तास आधी शेवटची ऑर्डर घेतात. मग पैसे, बहुधा सगळ्यांना सारखे. पॅकेज माणशी असतं आणि सबंध टेबलालाच घ्यावं लागतं, त्यामुळे तुझ्या चहाचेही तेवढेच. सोलापूरकर यावर कायम कुरकुरायचा आणि वसुली म्हणून याकितोरी, म्हणजे काडीला लावून भाजलेलं चिकन, चापायचा. नंतर सगळे दुकानाच्या दाराशी, फुटपाथवर घोळका करून उभे राहतात. कुणी निघत नाही, कुणी काही ठरवत नाही, आणि बघता बघता निजिकाई, म्हणजे दुसरी बैठक, ठरते. तुला गाडीत झोप लागली त्या रात्री तू या घोळक्यात उभा होतास, पैजेवर सांगते. घोळक्यात उभा राहूच नकोस. “ओत्सुकारेसामा देशिता, ओसाकी नि,” म्हणजे दमलात सगळे, मी पुढे निघतो, असं म्हणून एक वाकून नमस्कार, आणि पाय स्टेशनाकडे. पहिल्या बैठकीनंतर निघणं तिथे पूर्ण सभ्य मानतात. दुसरीत अर्ध्यावरून उठणं जड जातं. सकाळी साहेबांना आणि कांजीला “किनो वा आरिगातो गोझाइमाशिता”, म्हणजे कालबद्दल आभार, म्हणायला मात्र विसरू नकोस. लोकांना तू आलास हे त्या सकाळच्या एका वाक्यानेच लक्षात राहतं.

जपान्यांचं झालं. आता आपले लोक. निशिकासाईला, टोकियोतल्या आपल्या लोकांच्या वस्तीत, शनिवारी कुणाच्या तरी घरी जमतोस की नाही? तिथे ऊलाँग चालणार नाही. तिथे ‘घे रे, आम्ही काय परके आहोत का’ येतं, आणि त्याला जपानी सभ्यपणाचा उतारा लागू पडत नाही. सोलापूरकर यात सगळ्यात जास्त वेळा हरला. तुझ्या हाताशी एक खरंखुरं कारण आहे, जे त्याच्या वेळी नव्हतं. १ नोव्हेंबर २०२४पासून जपानात थोडी दारू घेऊन सायकल चालवली तरी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. चालवणार आहे हे माहीत असून पाजणाऱ्यालाही शिक्षा आहे, दोन वर्षं किंवा तीन लाख येनपर्यंत. सायकलवर जा आणि ती दाराशी सगळ्यांना दिसेल अशी लाव. यजमान स्वतःच तुझ्या हातात ताक देईल.

एक प्रश्न मात्र मी तुला विचारायलाच हवा. नोमिकाई नसलेल्या दिवशी, घरी एकटा असताना घेतोस का? रोज? सकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, आणि एक घोट घेतल्यावर थांबतं, असं होतं का? होत असेल तर यातलं काहीही करू नकोस आणि एकदम बंदही करू नकोस. रोज बरीच घेणाऱ्याने अचानक थांबवली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, ते जिवावर बेततं. अशा वेळी आधी डॉक्टर गाठायचा. टोकियोत अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या इंग्रजीतून चालणाऱ्या बैठकाही आहेत. तुझ्या पत्रावरून तसं वाटत नाही, पण पत्रात माणूस सगळं लिहितोच असं नाही.

बोनेनकाईचा कांजी कोण आहे ते तुझ्या टीममध्ये आत्तापर्यंत ठरलं असेल. नोव्हेंबरच्या शेवटाला तो माणसं मोजायला लागतो, तेव्हाच त्याला मेसेज टाक. एवढाच: “बोनेनकाईला येतोय. दारू सोडली आहे, माझ्यासाठी ऊलाँग-चा धर. बाटल्या वाटायला काही मदत लागली तर सांग.” त्याच्या डोक्यात तेव्हा हॉल, पैसे, साहेबांची बसायची जागा आणि न येणाऱ्यांची यादी असेल. उत्तर बहुधा ‘कळलं’ एवढ्या एका शब्दाचं येईल: “र्योकाई!”